फाटकावरचा माणूस आणि शेतकऱ्याचा कापूस

सिंदी (रेल्वे) हे आमच्या वर्धा जिल्ह्यातले सेलू तालुक्यातील गाव. नागपूर-वर्धा लोहमार्गावर वसलेले म्हणून नावापुढे 'रेल्वे' लागले. मागच्या हंगामात वकिलीच्या कामानिमित्त आम्ही तेथे गेलो असता आमचे एक वयस्कर पक्षकार भेटले. स्वतःच्या नावावर जमीन नाही. दुसऱ्याचे पाच एकर मक्त्याने करतात. जय भीम झाला, चहा झाला आणि आम्ही सहज विचारले, "काका, यंदा कापूस सरकारी खरेदीत दिला की नाही?" काका हसले. म्हणाले, "वकील साहेब, कापूस आपण पिकोला, पन कागदावर तो मालकाचा हाय. सातबाऱ्यावर आपलं नाव नाई, मंग खरेदीत आपला नंबर कसा लागन?" त्यांनी आपला कापूस खेडा खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला हमीभावापेक्षा बऱ्याच कमी दरात देऊन टाकला होता.

काकांच्या या दोन वाक्यांत एक मोठे अर्थशास्त्र दडलेले आहे. सरकारने भाव शेतकऱ्यासाठी बांधला, पैसा सरकारी तिजोरीतून निघाला, मग तो काकांपर्यंत का पोहोचला नाही? आपण लगेच म्हणतो, 'अधिकारी भ्रष्ट आहेत, पुढारी नालायक आहेत.' हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. माणसे बदलली, सरकारे बदलली, पक्ष बदलले, तरी तोच खेळ तसाच चालू राहतो. तेव्हा माणसाच्या स्वभावाबरोबरच खेळाचे नियमही तपासले पाहिजेत.

अमेरिकेतील काही अर्थतज्ज्ञांनी हे नियम तपासण्याचे एक शास्त्रच उभे केले. त्याला 'पब्लिक चॉइस' म्हणजे सार्वजनिक निवडीचा सिद्धांत म्हणतात. जेम्स बुकॅनन आणि गॉर्डन टुलॉक यांचा या विषयावरील मूळ ग्रंथ १९६२ साली आला आणि बुकॅनन यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे साधे आहे. दुकानात बसलेला माणूस स्वतःचा फायदा पाहतो, हे आपण गृहीत धरतो. तोच माणूस सरकारी खुर्चीवर बसला किंवा निवडून आला, की तो एकदम निःस्वार्थी होतो, असे आपण का मानावे? अधिकाऱ्याला सोयीची बदली हवी असते, खात्याला मोठा निधी हवा असतो, आमदाराला पुढची निवडणूक जिंकायची असते. लोकहित ते करतीलही, पण त्यांचे हित आणि लोकहित एका दिशेला असेल तेव्हाच.

याच विचाराची दुसरी शाखा म्हणजे 'रेंट सीकिंग'. येथे रेंट म्हणजे घरभाडे नव्हे. काहीही नवे न पिकवता, न बनवता, केवळ सरकारी नियमामुळे किंवा परवान्यामुळे जी आयती मिळकत तयार होते, तिला हे अर्थतज्ज्ञ रेंट म्हणतात आणि ती मिळवण्यासाठी जी धावपळ, खर्च आणि लाचलुचपत होते, तिला रेंट सीकिंग. टुलॉक यांनी ही कल्पना १९६७ साली मांडली आणि हे नाव ॲन क्रूगर यांनी १९७४ साली दिले. विशेष म्हणजे क्रूगर यांचे मुख्य उदाहरण आपल्याच देशाचे होते. १९६४ सालच्या भारतात आयात परवाने व तत्सम नियंत्रणांमुळे तयार झालेली आयती मिळकत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ७.३ टक्के होती, असा त्यांचा अंदाज होता.

परंतु त्यासाठी दिल्लीतल्या आयात परवान्यांपर्यंत जायची गरज नाही. विदर्भाने तीस वर्षे हा सिद्धांत स्वतःच्या अंगणात भोगला आहे. त्याचे नाव एकाधिकार कापूस खरेदी योजना.

योजना काय होती?

या योजनेचा हेतू वाईट नव्हता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. व्यापारी आणि अडते संगनमत करून हंगामात भाव पाडत, वजनात कापत, कडता धरत. या लुटीतून कापूस उत्पादकाला सोडवण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९७१ साली कच्च्या कापसाची खरेदी, प्रक्रिया व पणन यांचा कायदा केला आणि १९७२ च्या हंगामापासून योजना सुरू झाली. राज्यातील कापूस फक्त शासनाच्या यंत्रणेनेच विकत घ्यायचा, खाजगी व्यापाऱ्याने घ्यायचा नाही आणि शेतकऱ्याने तो राज्याबाहेर न्यायचाही नाही. पुढे हे काम कापूस उत्पादक पणन महासंघाकडे आले. शेतकऱ्याने केंद्रावर बंडी आणायची, ग्रेडरने प्रत ठरवायची, वजन व्हायचे, चुकारा सोसायटीचे कर्ज कापून मिळायचा. कापूस जिनिंगमध्ये जायचा, गाठी बांधून विकल्या जायच्या. नफा झाला तर शेतकऱ्याला बोनस, तोटा झाला तर शेवटी शासनाची तिजोरी. कायद्याची मुदत वेळोवेळी वाढवत योजना चालली आणि २००२ साली खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली तेव्हा एकाधिकार संपला.

आता या योजनेत आयती मिळकत कोठे तयार झाली ते हिशेबाने पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

समजा, हमीदर क्विंटलला २००० रुपये आहे आणि राज्याबाहेरच्या बाजारात १७०० रुपये. फरक ३०० रुपये. दहा क्विंटलच्या एका बंडीमागे ३००० रुपये. हे ३००० रुपये शेतकऱ्याला मिळावेत हा कायद्याचा हेतू. पण केंद्रावर दिवसाला पन्नास बंड्या मोजल्या जातात आणि बाहेर दीडशे उभ्या आहेत. म्हणजे कापसाचा भाव जरी कायद्याने ठरला असला, तरी आत जाण्याचा क्रम कायद्याने ठरलेला नाही. तो फाटकावरचा माणूस ठरवतो. आणि जी गोष्ट एखाद्याच्या मर्जीवर ठरते, तिला लगेच किंमत येते.

शेतकरी तीन दिवस रांगेत थांबतो. बैलांचा चारा, स्वतःची बुडालेली मजुरी, राखणदारी मिळून ९०० रुपये जातात. नंबर पुढे सरकवण्यासाठी ३०० रुपये द्यावे लागतात. मग ग्रेडर येतो. प्रत डोळ्याने पाहून ठरते. चांगला कापूस 'कवडी' ठरवला तर दाद कोणाकडे मागणार? म्हणून तेथे ५०० रुपये जातात. तीन हजारांपैकी शेतकऱ्याच्या हातात उरले १३०० रुपये.

येथे एक सूक्ष्म फरक लक्षात घ्या, कारण या सिद्धांताचा गाभा तोच आहे. नंबरवाल्याला आणि ग्रेडरला गेलेले ८०० रुपये अन्यायाचे आहेत, पण ते नष्ट झाले नाहीत. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. रांगेत गेलेले ९०० रुपये मात्र कोणालाच मिळाले नाहीत. तीन दिवसांचे माणसाचे आणि बैलांचे श्रम हवेत विरून गेले. टुलॉक यांचे म्हणणे असे की, आयत्या मिळकतीचे खरे नुकसान येथेच असते. ती मिळवण्याच्या शर्यतीत समाजाचे श्रम आणि पैसा जळून जातो.

आणि ते ८०० रुपयेही स्वस्थ बसत नाहीत. ज्या केंद्रावर बंडीमागे ८०० मिळतात, त्या केंद्रावर नेमणूक मिळावी म्हणून शर्यत सुरू होते. बदलीसाठी वजन लावावे लागते, पैसा मोजावा लागतो. वर ज्याने बदली केली त्याला तो पैसा निवडणुकीत लागतो. ज्याने पैसे मोजून नेमणूक घेतली तो ते वसूल करणारच. रॉबर्ट वेड या अभ्यासकाने दक्षिण भारतातील कालवा सिंचन खात्याविषयी १९८२ साली हीच साखळी दाखवून दिली होती: शेतकऱ्याकडून वसुली, त्यातून बदलीचा भाव आणि बदलीच्या भावातून राजकारणाचा पैसा. तेव्हा खाली उभा असलेला ग्रेडर हा या साखळीतली फक्त शेवटची कडी असतो. त्याला निलंबित केले तरी साखळी तुटत नाही.

व्यापारी गेला कोठे?

कायद्याने व्यापारी हद्दपार झाला असे आपण समजलो. प्रत्यक्षात तो शेतकऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिला. हिशेब पुन्हा पाहू. ज्याला सावकाराचे देणे तातडीने द्यायचे आहे, मुलीचे लग्न आहे, दवाखाना आहे, तो तीन दिवस रांगेत थांबू शकत नाही आणि चुकाऱ्याची वाटही पाहू शकत नाही. व्यापारी त्याच्या दारात येऊन १७५० रुपयांना कापूस घेतो, रोख देतो. असा शंभर क्विंटल माल जमवून तो कोणाच्या तरी सातबाऱ्यावर केंद्रात घालतो. त्याचे सगळ्यांशी लागेबांधे, म्हणून रांग नाही. क्विंटलमागे पन्नास रुपये वाटले, तरी त्याला २०० रुपये उरले. एका खेपेत २०,००० रुपये. शासनाने क्विंटलमागे ज्या ३०० रुपयांचा भार उचलला, त्यातले पिकवणाऱ्याला मिळाले फक्त पन्नास. आणि शासनाचे कागद सांगतात की, सर्व खरेदी शेतकऱ्यांकडूनच झाली.

ज्या वर्षी बाहेरचा भाव हमीदरापेक्षा जास्त असे, त्या वर्षी खेळ उलटा होई. आता कापूस राज्याबाहेर मध्य प्रदेश, आंध्र, गुजरातकडे निघे. कायद्याने तो गुन्हा, म्हणून नाक्यावरच्या माणसाच्या हातात आयती मिळकत येई. बाहेरचा भाव पडला की बाहेरचा कापूस आत, चढला की आतला कापूस बाहेर. भाव कोणत्याही बाजूला झुको, फाटकावरचा माणूस मात्र फायद्यात! स्वस्ताईत सगळा कापूस शासनाच्या गळ्यात आणि तेजीत चांगला कापूस पळालेला, अशा स्थितीत योजना नफ्यात येणार कशी? नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून तोट्याचे डोंगर वाढत गेले, त्यामागे जागतिक मंदी होती तसे हे दुहेरी गळतीचे कारणही होते.

पुढाऱ्याचा हिशेब

आता वरच्या मजल्यावर जाऊ. आपल्या मतदारसंघात कापूस पिकवणारे हजारो मतदार असतील, तर भाव वाढवून दिल्याचा फायदा त्यांना लगेच दिसतो. त्याचा खर्च मात्र राज्याच्या साऱ्या जनतेत थोडा थोडा वाटला जातो, कोणालाच वेगळा दिसत नाही. मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ साली दाखवून दिले की, ज्या लहान गटाचा फायदा मोठा असतो तो संघटित होतो. ज्या मोठ्या समूहाचे नुकसान माणशी थोडे असते तो विखुरलेला राहतो. पुढारी मूर्ख नसतो. तो दिसणारा फायदा निवडणुकीआधी देतो आणि न दिसणारा खर्च निवडणुकीनंतर ठेवतो.

२००४ चे उदाहरण वाचकांना आठवत असेल. ऑक्टोबर २००४ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. कापसाला क्विंटलमागे २७०० रुपये देऊ, असे आश्वासन सत्ताधारी आघाडीने दिले होते. लांब धाग्याच्या कापसाचा केंद्राचा आधारभूत दर १९६० रुपये होता आणि त्यावर राज्याने ५०० रुपयांचा आगाऊ बोनस दिला. निवडणूक जिंकली. पुढच्या म्हणजे २००५ च्या हंगामात तो बोनस काढून घेतला. शेतकरी १९८० रुपयांच्या आधारभूत दरावर येऊन पडला. ज्याने बोनस धरून पेरणीचे कर्ज काढले होते, त्याचे काय झाले असेल? याच काळात विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी देश हादरला आणि २००६ साली पंतप्रधानांना सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. त्या सहांत आमचा वर्धा होता. बोनस देणे चूक की बरोबर हा येथे प्रश्नच नाही. तो कापसाच्या हंगामानुसार न ठरता निवडणुकीच्या हंगामानुसार ठरला, हा प्रश्न आहे.

मग सरकारच नको काय?

या सिद्धांताचे अनेक भक्त येथून थेट उडी मारतात आणि म्हणतात, सरकार गुंडाळा, सगळे बाजारावर सोडा. आम्हाला ही उडी मान्य नाही आणि त्याची कारणेही या सिद्धांतातच आहेत. स्वार्थ जर सर्वत्र आहे, तर तो व्यापाऱ्यातही आहे. २००२ नंतर व्यापारी मोकळा झाला, पण संगनमत करून भाव पाडण्याची शक्यता काही गेली नाही. सरकारी फाटकाऐवजी खाजगी फाटक आले, एवढाच फरक होऊ शकतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. हा सिद्धांत सर्व माणसे सारख्याच रीतीने स्वार्थ साधतात असे धरून चालतो. पण फाटकावर ओळख कोणाची असते? सोसायटीचा अध्यक्ष, बाजार समितीचा संचालक, जिनिंगचा मालक आणि ग्रेडर यांच्यात उठबस कोणाची असते? ज्याची जमीन मोठी, ज्याची जात गावात वजनदार, त्याची. आमचा माणूस त्या आवारात असतो तो हमाल म्हणून, वेचणीला असतो तो मजूर म्हणून, शेतात असतो तो मक्तेदार म्हणून. स्वार्थ सर्वांना असतो. तो साधण्याचे साधन सर्वांना नसते. अमेरिकन पंडितांच्या समीकरणात ही जात नावाची पायरी नाही.

बुकॅनन-टुलॉक यांच्या मते, राज्यघटनेचे मूळ नियम शक्यतो सर्वांच्या एकमताने ठरावेत, म्हणजे बहुमताला अल्पसंख्याकांची लूट करता येणार नाही. ऐकायला हे चांगले वाटते. पण एकमताची अट म्हणजे ज्याच्याकडे आधीच आहे त्याच्या हातात नकाराधिकार! बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. शेतकरी आणि सरकार यांच्यामध्ये बसून आयती मिळकत खाणारा खोत त्याला संमती देईल, म्हणून थांबले असते तर खोती कधीच गेली नसती.

परंतु सत्ताधाऱ्याच्या चांगुलपणावर व्यवस्था उभी करू नये, हा धडा मात्र बाबासाहेबांनी बुकॅनन यांच्या कितीतरी आधी दिला होता. १९२३ सालच्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात त्यांचा आक्षेप हाच होता की, चलन किती काढावे हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये, त्याला पक्की मर्यादा असावी. आणि घटना समितीत १९४९ साली त्यांनी महालेखापरीक्षक हा घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे सांगितले, कारण तिजोरीचा हिशेब तपासणारा तो. त्यांचा भर मर्जीची जागा कमी करण्यावर होता.

आजचे फाटक

या कसोटीने आजची खरेदी तपासू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये ठरला. सीसीआयने शेतकऱ्यांची नोंदणी 'कपास किसान' ॲपवर घेतली, म्हणजे नंबर माणसाच्या हातून बराचसा सुटला. प्रत ठरवताना ओलाव्याचे मोजमाप यंत्राने होते. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात आणि बाराच्या वर कापूस परत. ग्रेडरच्या डोळ्यापेक्षा हे बरे आहे. पण यंत्र बंडीच्या कोणत्या कोपऱ्यात घालायचे हे अजून माणूसच ठरवतो. वरचा उन्हात वाळलेला कापूस एक आकडा देतो आणि तळचा दाबलेला दुसरा. म्हणून चार ठिकाणी मोजणी आणि प्रत्येक आकड्याची शेतकऱ्याला पावती, एवढी मागणी केलीच पाहिजे.

आणि सर्वांत मोठे फाटक आता आवाराबाहेर, तलाठ्याच्या दप्तरात गेले आहे. नोंदणीला सातबारा लागतो, त्यावर पिकाची नोंद लागते, पैसे त्याच माणसाच्या खात्यात जातात. मक्त्याने करणाऱ्याचे नाव तेथे नसते. घाम त्याचा आणि हमीभावाचा हक्क सातबारावाल्याचा. तो हक्क मग मालक स्वतः वापरतो किंवा कोणाला तरी वापरू देतो. काकांचा कापूस कोणाच्या नावावर शेवटी विकला गेला, हे काकांना माहीत नाही.

हे पकडता येते काय? येते. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. एखाद्या केंद्राची तारीखवार खरेदी, नोंदणी केलेल्यांची गावनिहाय संख्या आणि त्याच गावांतील पीकपाहणीत नोंदलेले कापसाचे क्षेत्र, एवढे तीन कागद मागा. क्षेत्र आणि सरासरी उतारा यांवरून गावात किती कापूस पिकला असेल याचा अंदाज येतो. खरेदी त्याहून फार जास्त असेल, तर बाहेरचा माल आत आला आहे. एकरी उतारा संशयास्पद जास्त दाखवणारे सातबारे असतील, तर ते उसने वापरले गेले आहेत. जिनिंगचा हिशेबही मागा. शंभर किलो कापसातून साधारण तेहेतीस ते पस्तीस किलो रुई निघते. उत्तम प्रत म्हणून घेतलेल्या मालाचा उतारा सातत्याने त्याखाली असेल, तर प्रत खोटी आहे किंवा रुई गेली आहे. एका कागदावरून गुन्हा सिद्ध होत नाही. दुष्काळ, बोंडअळी, अतिवृष्टी ही कारणेही असू शकतात. पण तीन कागद एकमेकांशी भांडू लागले, की प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला मिळतो.

निघताना आम्ही काकांना विचारले की, मालकाकडून मक्त्याची लेखी चिठ्ठी घेतली आहे काय. काका म्हणाले, "चिठ्ठी मागतली तं पुढच्या साली वावर देणार नाई तो." मालकालाही आपला स्वार्थ कळतो. तेव्हा ती चिठ्ठी काकांनी एकट्याने मागायची नाही. गावातल्या सर्व मक्तेदारांनी एकाच दिवशी, पेरणीच्या आधी मागायची आणि तिच्या आधारे नोंदणी द्या असा अर्ज सर्वांनी मिळून तहसीलदाराकडे करायचा. एकाचे वावर काढून घेता येते. गावातल्या सगळ्यांचे काढून घेतले, तर पेरायचे कोणी?